सात महिन्यांची लेक, केमोचा डोस एकदा १९८ आणि एकदा १२६ मिलिग्रॅम: असं का?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचक होतो, आज गरज पडली म्हणून लिहितोय.

माझी मुलगी सात महिन्यांची आहे. फोटोत तिच्या डोळ्याची बाहुली पांढरी चमकायची, त्यावरून तपासण्या झाल्या. दोन्ही डोळ्यांत रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा कॅन्सर निघाला. पहिली केमो आमच्या भागातल्या एका हॉस्पिटलात झाली. तेव्हा वजन ६.८ किलो, लांबी ६६ सेंमी. कार्डावर लिहिलंय: कार्बोप्लॅटिन १९८ मिग्रॅ, व्हिन्क्रिस्टिन ०.५३ मिग्रॅ, इटोपोसाइड ५३ मिग्रॅ दोन दिवस. दहाव्या दिवशी ताप आला, प्लेटलेट चढवाव्या लागल्या, नऊ दिवस आत होतो. रडताना आवाज बसल्यासारखा यायचा, दूध ओढायला दमायची.

दुसऱ्या केमोसाठी मुंबईला आलो. वजन गेलं नि परत भरलं, आजही ६.८ च आहे. पण इथल्या कागदावर कार्बोप्लॅटिन १२६, व्हिन्क्रिस्टिन ०.३४, इटोपोसाइड ३४. औषधं तीच, मूल तेच. मी विचारलं तर निवासी डॉक्टर म्हणाले, "दहा किलोच्या आत आहे, म्हणून पर केजी दिलंय." त्यांच्यामागे रांग होती, पुढे बोलणं झालं नाही.

माझा जीव एकाच गोष्टीत अडकलाय. औषध तिसऱ्या हिश्शाहून जास्त कमी केलं, तर गाठ उरणार नाही ना? की पहिल्या वेळी जास्त झालं होतं? परवा सकाळी केमो लावणार आहेत.

सुमनमावशी

बाळा, धीर धर. माझ्या ब्रेस्टच्या केमोत तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी डोस वीस टक्के उतरवला होता, कारण पांढऱ्या पेशी फार घसरल्या होत्या. मलाही तेव्हा हीच भीती वाटली. आज सहा वर्षं झाली. तुझ्या लेकीलाही पहिल्या वेळी झेपलं नाही म्हणूनच उतरवला असणार.

त्रिज्या

मी डॉक्टर नाही, इंजिनीअर आहे, पण हा प्रश्न मुळात मोजमापाचा वाटतो. मोठ्यांचा डोस शरीराच्या पृष्ठफळावर, म्हणजे बीएसएवर काढतात. सूत्र सोपं आहे: उंची सेंटिमीटरमध्ये गुणिले वजन किलोत, भागिले ३६००, आणि त्याचं वर्गमूळ. तुमच्या आकड्यांनी ०.३५ चौरस मीटर येतं. प्रत्येक चौरस मीटरला ५६० मिग्रॅ धरलं की १९८. म्हणजे पहिल्या हॉस्पिटलची आकडेमोड बरोबर आहे.

आता गोम अशी की तान्ह्या बाळाची लांबी नीट मोजताच येत नाही. पाय आखडतं, मान वळवतं. म्हणून बीएसए चुकतो, आणि म्हणून लहानांना सरळ वजनावर डोस देतात. माझ्या मते तर सगळ्यांनाच वजनावर द्यावा, एक मोजमाप कमी म्हणजे चुकीची एक जागा कमी.

आषाढघन

कृष्णाकाठ, मी लहान मुलांच्या कॅन्सरवरच काम करतो, पुण्यात. तुमच्या मुलीचा डोस इथून मी ठरवू शकत नाही, ते तिला तपासणाऱ्यांचंच काम. पण तुम्ही लिहिलेले दोन्ही संच ओळखीचे आहेत.

रेटिनोब्लास्टोमाला ही तीन औषधं जगभर देतात. मोठ्या मुलाला कार्बोप्लॅटिन प्रति चौरस मीटर ५६० मिग्रॅ, इटोपोसाइड १५०, व्हिन्क्रिस्टिन १.५. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला हेच प्रति किलो १८.६, ५ आणि ०.०५ मिग्रॅ. ६.८ ने गुणून बघा, मुंबईचा कागद जुळतो. म्हणजे पहिल्या वेळी त्रास झाला म्हणून कापलेला हा डोस नाही, सुमनमावशी. पहिली केमो तिथेच झाली असती तरी हेच आकडे लिहिले असते.

१८.६ आला कुठून? ५६० भागिले ३०. दीडशे भागिले तीस पाच, दीड भागिले तीस ०.०५. ढोबळमानाने ३० किलोच्या मुलाचं पृष्ठफळ एक चौरस मीटर भरतं, म्हणून तीसने भागतात. तीस किलोला दोन्ही रीतींनी उत्तर सारखंच. तिथून जसजसं खाली याल तसतसा बीएसएचा आकडा किलोच्या आकड्याच्या वर जात राहतो. तुमच्या मुलीत तो दीडपटीच्याही पुढे गेलाय.

त्रिज्या, लांबीबद्दल तुमचं म्हणणं अर्धं खरं. मोजताना चूक होते, पण तिच्याने फरक पडत नाही. ६६ ऐवजी ६३ सेंमी घालून बघा: ०.३५३ चं ०.३४५ होतं. वर्गमूळ असल्यामुळे दोन-सव्वादोन टक्के. आपण इथे छत्तीस टक्क्यांबद्दल बोलतोय. लांबी तंतोतंत मोजली तरी बीएसए या वयात जास्तच औषध सांगणार.

सुमनमावशी

डॉक्टर, चूक मान्य. पण मला एक सांगा, लहान अंगाचं पृष्ठफळ जास्त कसं? कातडी तर इवलीशी असते.

मग माझं मीच ताडलं, बरोबर आहे का बघा. किलोभर मोठे बटाटे सोलले तर मूठभर सालं निघतात. तेवढेच बारके बटाटे सोलायला बसलं की ढीग पडतो. किलो तेच, साल जास्त.

आषाढघन

मावशी, अगदी हेच. या बाळाच्या एका चौरस मीटर सालीमागे जेमतेम १९ किलो अंग आहे. तुमच्यासारख्या मोठ्या माणसात ३५-३७ किलो असतं. सालीच्या हिशेबाने औषध दिलं की बाळाच्या प्रत्येक किलोला तुमच्या जवळपास दुप्पट औषध पोचतं.

मग साल धरायचीच कशाला, हाही प्रश्न रास्त आहे. १९५८ मध्ये डोनाल्ड पिंकेल यांनी दाखवलं की उंदरापासून माणसापर्यंत केमोच्या काही औषधांचे डोस किलोवर मांडले तर मेळ बसत नाही, पृष्ठफळावर मांडले की बराच जवळ येतो. तेव्हापासून केमोत चौरस मीटर रुजला. दोन वर्षांच्या पुढे तो ठीक चालतो, कारण मूत्रपिंडं, यकृत, रक्ताचा पुरवठा हे सगळं साधारण त्याच प्रमाणात वाढतं.

तान्ह्या बाळात ही जोडी तुटते. साल आधीच भरपूर आहे, पण औषध बाहेर काढणारे अवयव तिच्या बरोबरीला आलेले नसतात. जन्मल्यावरच्या पहिल्या आठवड्यांत मूत्रपिंडाचं गाळणं पृष्ठफळाच्या हिशेबानेसुद्धा मोठ्यांच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतकंच असतं, ते भरून यायला वर्ष-दोन वर्षं लागतात. कार्बोप्लॅटिन मुख्यतः तिथूनच जातं. व्हिन्क्रिस्टिन यकृतात मोडतं, आणि ते मोडणारी विकरं पहिल्या वर्षभरात हळूहळू ताकद धरतात.

त्रिज्या

म्हणजे कच्ची किडनी हेच कारण. मग ती पिकेपर्यंत किलो, पुढे बीएसए. संपलं.

आषाढघन

इतकं सरळ असतं तर बरं झालं असतं. सात महिन्यांच्या मुलीची किडनी नवजात बाळाइतकी कच्ची नसते, बरीच वर आलेली असते. छत्तीस टक्क्यांचा हिशेब एकट्या किडनीवर लागत नाही.

हा नियम मुळात अवयवांचा अभ्यास करून बनला नाही. आधी मुलं दगावली, मग नियम आला. अमेरिकेत मुलांच्या किडनीच्या गाठीवर, विल्म्स ट्यूमरवर, दुसरा राष्ट्रीय अभ्यास १९७४ मध्ये सुरू झाला. त्यात वर्षाच्या आतल्या बाळांनाही पृष्ठफळावर पूर्ण डोस मिळत होता. या बाळांत रक्तपेशी खाली जाणं आणि औषधामुळे मृत्यू येणं मोठ्या मुलांपेक्षा जास्त दिसलं. मग वर्षाच्या आतल्यांचा डोस निम्मा केला. विषारी परिणाम उतरले, आणि कृष्णाकाठ, तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे: गाठ बरी होण्याचं प्रमाण घसरलेलं दिसलं नाही. निम्म्या डोसातही त्या बाळांच्या अंगात गाठीला पुरेल इतकं औषध होतं. कागदावरचा आकडा कमी झाला म्हणजे गाठीला पोचणारं औषध त्याच मापाने कमी झालं, असं या वयात धरता येत नाही.

आणि सगळ्यांनाच किलोवर द्या म्हणता, तर १५ किलोचा, ९८ सेंमी उंचीचा मुलगा घ्या. बीएसएवर त्याचं कार्बोप्लॅटिन ३५८ मिग्रॅ येतं, किलोवर २७९. त्याची मूत्रपिंडं पूर्ण कामाला लागलेली असतात, औषध भराभर बाहेर जातं. त्याला कारण नसताना वीस-बावीस टक्के कमी दिलं जाईल. किलोची रीत तान्ह्यांसाठी ठीक, सरसकट लावली तर मधल्या मुलांचं नुकसान.

कृष्णाकाठ

डॉक्टर, तुमचे कसे आभार मानू कळत नाही. बायकोला वाचून दाखवलं. आवाज बसण्याचं कारण काय असावं? आता जरा सुधारलाय. त्या हॉस्पिटलने तेव्हा सांगितलं होतं की सर्दीमुळे असेल.

टाइनकाठची

मी मूळची कोल्हापूरची, आता इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला मुलांच्या केमो वॉर्डात नर्स आहे. आवाजाबद्दल लिहिते, कारण ही गोष्ट आम्ही रोज बघतो.

व्हिन्क्रिस्टिन नसांना लागतं. मोठं मूल सांगतं, हातापायाला मुंग्या येतात, जबडा दुखतो. चालणाऱ्या मुलाचं पाऊल लुळं पडतं, ते दिसतं. सात महिन्यांचं बाळ चालत नाही आणि बोलत नाही, म्हणून त्याच्यात खुणा दुसरीकडे शोधायच्या: रडण्याचा आवाज घोगरा होणं, दूध ओढताना मधेच सोडून देणं, पापणी खाली झुकणं, दोन-तीन दिवस शी न होणं. सर्दीनेही आवाज बसतो, म्हणून पहिल्या वेळी ते कशामुळे झालं हे आता कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. पण परवा केमो लावण्याआधी, आवाज आणि दूध ओढणं, या दोन्ही गोष्टी डॉक्टरांना आवर्जून सांगा. बुरशीवरचं काही औषध चालू असेल तर तेही सांगा. व्होरिकोनॅझोल, इट्राकोनॅझोल यांच्याबरोबर व्हिन्क्रिस्टिन अंगात साचतं.

वजनाचं एक. किलोवर डोस काढला की वजनातली चूक जशीच्या तशी डोसात उतरते. ओलं डायपर, झबलं, दुपटं मिळून ३०० ग्रॅम सहज होतात, म्हणजे ६.८ वर साडेचार टक्के. आम्ही बाळ पूर्ण उघडं करून, त्याच काट्यावर, दर खेपेला नव्याने तोलतो, आणि दोन नर्स वेगवेगळं गणित करून आकडे ताडून बघतात. व्हिन्क्रिस्टिन एका मिलिलिटरमध्ये एक मिलिग्रॅम येतं, म्हणजे तुमच्या मुलीला ०.३४ मिली. एक मिलीच्या सिरिंजमध्ये बोटाच्या पेराइतकंही दिसत नाही. ०.५३ आणि ०.३४ मधला फरक नुसत्या डोळ्याला सहज खटकत नाही, तो कागदावरच पकडावा लागतो.

पारिजात_को

मी आई आहे, आमचं प्रकरण वेगळं. मुलाला विल्म्स होता, आता उपचार संपून दोन वर्षं झाली. आमची उलटी गोष्ट. व्हिन्क्रिस्टिन आधी ०.५२ चालू होतं, वजन ११.६ किलो. मधे तो बरा जेवायला लागला, १२.१ झाला आणि त्या आठवड्यात कागदावर ०.८० आलं! अर्ध्या किलोने औषध दीडपट. मी सिस्टरांचा हात धरला, म्हटलं आधी डॉक्टरांना बोलवा. त्यांनी उपचाराच्या ठरलेल्या पद्धतीचं पान दाखवलं: बारा किलोच्या आत दोन तृतीयांश, वर पूर्ण. चूक नव्हती. पण मला आजपर्यंत पटलं नाही की एका रविवारच्या वरणभाताने त्याचं यकृत इतकं मोठं झालं.

आषाढघन

पारिजात, तुमचा आक्षेप रास्त आहे, आणि आमच्या शास्त्रातही तो घेतला गेलाय. युरोपच्या विल्म्स पद्धतीत उंबरठा बारा किलो. रक्ताच्या कॅन्सरच्या तान्ह्यांसाठीच्या इंटरफँट पद्धतीत वजन बघतच नाहीत, वय बघतात: सहा महिन्यांच्या आत दोन तृतीयांश, वर्षापर्यंत तीन चतुर्थांश, पुढे पूर्ण. कुठे दहा किलो, कुठे एक वर्ष, रेटिनोब्लास्टोमात तीन वर्षं. प्रत्येक ठिकाणी उंबरठा ओलांडला की डोस एका दिवसात उडी मारतो. शरीर तशी उडी मारत नाही.

२०१७ मध्ये अमेरिकेतल्या चिल्ड्रन्स ऑन्कॉलॉजी ग्रुपने यावर तक्ते काढले. ०.६ चौरस मीटरच्या खाली पायऱ्या पाडल्या आहेत. अगदी लहान बाळाला किलोच्या रीतीइतका डोस, तिथून चढत चढत ०.६ ला पूर्ण डोस. माझ्या मते हाच रस्ता बरा. पण एखादी जुनी पद्धत तिच्या मूळ आकड्यांवरच तपासलेली असते, तिच्यात एका हॉस्पिटलने आपल्या मनाने तक्ता घुसवणं योग्य नाही. म्हणून आम्हीही ज्या पद्धतीत मूल घेतलंय तिचाच नियम पाळतो.

त्रिज्या

उडीचं समजलं. दहा किलो, ७६ सेंमीचं बाळ घालून पाहिलं: किलोवर १८६, बीएसएवर २५७. दोन रेषा कुठेच भेटत नाहीत तिथे, तीस किलोपर्यंत भेटत नाहीत. म्हणजे दहा हा आकडा गणितातून आलेलाच नाही. मी आधी घाईने लिहिलं, माफ करा.

पण एक शंका राहते. किलोवर दिलेला डोस काही बाळांना खरंच कमी पडत असेल तर? ते कसं कळणार?

टाइनकाठची

रक्तातली पातळी मोजून कळतं, आणि आमच्या शहरात हे काम चालतं. अगदी लहान बाळांना कार्बोप्लॅटिन देताना पहिल्या दिवशी ठरलेल्या वेळांना रक्ताचे थेंब घेतात, औषध किती वेगाने उतरतंय ते बघतात आणि पुढच्या दिवसांचा डोस त्यावरून कमीजास्त करतात. एकाच वजनाच्या दोन बाळांत फरक इतका असतो की बीएसए आणि किलो, दोन्ही अंदाजच वाटायला लागतात.

व्हिन्क्रिस्टिनची गोष्ट तर उलटी निघाली. कमी डोसावर असलेल्या काही बाळांत पातळी मोठ्या मुलांपेक्षा बरीच खाली सापडली. म्हणजे तुमची शंका खरी आहे, त्रिज्या.

आषाढघन

हो, आणि इथे आमच्यातच मतं वेगळी आहेत. मी स्वतः तान्ह्या बाळाला पहिल्या खेपेस व्हिन्क्रिस्टिन किलोवरच देईन. पातळी कमी निघाली तर पुढे वाढवता येते. पण एकदा जास्त गेलेलं औषध परत काढून घेता येत नाही. माझे एक सहकारी म्हणतात की गाठीला पहिल्या दोन खेपांत जोरात मारलं नाही तर ती औषधाला सरावते. त्यांचं म्हणणं मला खोडून काढता आलेलं नाही. आपल्याकडे पातळी मोजायची सोय बहुतेक ठिकाणी नाही, म्हणून आम्ही रक्ताची मोजणी, रडणं, दूध, यांच्यावरच डोळा ठेवतो.

सुमनमावशी

एक भाबडा प्रश्न. पाठीच्या मणक्यातून देतात ते इंजेक्शनही किलोवरच का? माझ्या भाच्याच्या मुलाला रक्ताच्या कॅन्सरमध्ये दिलं होतं.

आषाढघन

नाही मावशी, ते ना किलोवर ना सालीवर. ते वयावर. मेंदूभोवतीचं पाणी पहिल्या तीन वर्षांतच जवळजवळ मोठ्या माणसाइतकं होतं, अंग मात्र लहान राहतं. म्हणून मेथोट्रेक्सेट वर्षाच्या आत ६ मिग्रॅ, मग ८, मग १०, आणि तीन वर्षांपुढे साधारण १२.

कृष्णाकाठ

मंडळी, काल केमो लागली. आधी मोठ्या डॉक्टरांना भेटलो, आवाजाचं आणि दुधाचं सांगितलं. त्यांनी टॉर्च लावून पापण्या पाहिल्या, गुडघ्यावर टकटक केली, मग व्हिन्क्रिस्टिन ०.३४ च ठेवलं. पद्धतीचं पान मीच मागितलं, त्यांनी न रागावता दाखवलं. तीन वर्षांच्या आत प्रति किलो, असंच छापलंय. दहा किलोचं काय, असं विचारलं तर म्हणाले, सहाही केमो ती तीन वर्षांची व्हायच्या आतच संपतील, वजन दहाच्या वर गेलं तरी या पद्धतीत रीत बदलणार नाही. निवासी डॉक्टरांनी दहा किलो म्हटलं ते दुसऱ्या आजाराच्या सवयीने.

सिस्टरांना विनंती करून तिला पूर्ण उघडी करून तोललं. ६.६५ भरली. कार्बोप्लॅटिन १२४ केलं.

पहिल्या हॉस्पिटलवर राग यायचा तो अजून पूर्ण गेला नाही. पण तिथल्या डॉक्टरांना फोन करून हे पान पाठवतो म्हटलं, त्यांनी पाठवा म्हणून सांगितलं.

टाइनकाठची

फार छान केलंत, दादा. एकच विचारते. कार्बोप्लॅटिनने कान जाऊ शकतो, आणि सहा महिन्यांच्या आत सुरू झालेल्यांत तो धोका जास्त दिसलाय. तुमची थोडी पुढे आहे, पण पहिला डोस मोठा गेलाय. बेरा टेस्ट झाली का?

कृष्णाकाठ

ताई, नाही झाली. उद्या सकाळी राउंडला विचारतो.